एका दुपारची वक्ररेषा

१९५० सालची गोष्ट आहे. शिकागो विद्यापीठातला एक विद्यार्थी अर्थशास्त्राचे मार्गदर्शक याकोब मार्शाक यांच्या खोलीबाहेर बसला होता. प्रबंधाचा विषय ठरवायचा होता आणि सर आत कामात होते. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते, तेही सरांचीच वाट पाहत होते. ते निघाले शेअर दलाल. बोलता बोलता दलाल म्हणाले की तुझे गणित इतके चांगले आहे, तर ते शेअर बाजाराला का लावून पाहत नाहीस? विद्यार्थ्याने आत गेल्यावर ही कल्पना सरांना सांगितली. सरांना ती आवडली, पण बाजाराविषयीचे वाङ्मय आपल्याला ठाऊक नाही असे म्हणून त्यांनी त्याला मार्शल केचम या प्राध्यापकांकडे धाडले. केचम यांनी वाचायच्या पुस्तकांची यादी दिली. विद्यार्थ्याचे नाव हॅरी मार्कोविट्झ. पुढे १९९० साली त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा एक तृतीयांश वाटा मिळाला.

यादीत जॉन बर विल्यम्स यांचे १९३८ साली निघालेले एक पुस्तक होते. शेअरची खरी किंमत म्हणजे काय, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. विल्यम्स यांचे उत्तर असे: शेअर घेणाऱ्याला पुढे वर्षानुवर्षे जो लाभांश मिळणार, त्याची आजच्या हिशोबाने होणारी बेरीज म्हणजे शेअरची किंमत. भविष्यातला लाभांश आज निश्चित सांगता येत नाही. म्हणून त्याचे 'अपेक्षित मूल्य' धरायचे, म्हणजे प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करायची. नाणेफेकीच्या खेळात सरासरी काय हाती लागेल हे आपण वर्गात काढतो, तसेच हे.

मार्कोविट्झ ग्रंथालयात बसून हे वाचत होता आणि त्याला एक अडचण दिसली. शेअरचे फक्त अपेक्षित मूल्यच पाहायचे असेल, तर शेअरच्या संचाचेही फक्त अपेक्षित मूल्यच पाहावे लागेल. मग सर्वोत्तम संच कोणता? ज्या एका शेअरची अपेक्षा सर्वांत जास्त, त्या एकात सगळे पैसे घालणे हाच. दुसरा शेअर त्यात मिसळला की सरासरी खालीच येते. पण कोणताही शहाणा माणूस असे करत नाही. सगळा पैसा एका ठिकाणी अडकवू नये हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शेक्सपिअरच्या नाटकातला व्हेनिसचा व्यापारीसुद्धा आपला माल एकाच जहाजावर नसल्याचे समाधान बोलून दाखवतो. म्हणजे लोक जे करतात ते सिद्धान्तात बसत नव्हते, आणि चूक लोकांची नसून सिद्धान्ताची होती. त्यात एक राशी धरायची राहून गेली होती.

ती राशी म्हणजे जोखीम, हे लगेच ध्यानात येते. पण जोखीम मोजायची कशी? मार्कोविट्झने प्रमाण विचलन किंवा त्याचा वर्ग, म्हणजे प्रचरण, हे माप घेतले. आता एकेका शेअरचे प्रचरण ठाऊक असताना त्यांच्या संचाचे प्रचरण किती, हा प्रश्न उरला. हे सूत्र त्याला पाठ नव्हते. त्याने फडताळातून उस्पेन्स्की यांचे संभाव्यतेवरचे पाठ्यपुस्तक काढले आणि त्यात ते सूत्र शोधले. सूत्रात एकेकाच्या प्रचरणाखेरीज आणखी एक पद होते: प्रत्येक जोडीचे सहप्रचरण. मार्कोविट्झने नंतर अनेकदा सांगितले आहे की या पदाने त्याची वाट एकदम मोकळी झाली. त्या पदात असे काय आहे, हे आपण लहानशा उदाहरणाने पाहू. हे उदाहरण आम्ही आकडेमोड सोपी व्हावी म्हणून रचले आहे, बाजारातले नाही.

'क' आणि 'ख' अशा दोन कंपन्यांचे शेअर घ्या. 'क'ने चार वर्षांत अनुक्रमे १८, -२, १८ आणि -२ टक्के परतावा दिला. याची सरासरी ८. प्रत्येक वर्षीचा फरक १०, कधी वर तर कधी खाली, म्हणून प्रमाण विचलनही १०. 'ख'ने त्याच चार वर्षांत ३४, ३४, -६ आणि -६ टक्के दिले. सरासरी १४ आणि प्रमाण विचलन २०. ढोबळ भाषेत 'क' सावध आहे आणि 'ख' धाडसी.

आता शंभर रुपयांपैकी ६० रुपये 'क'मध्ये व ४० रुपये 'ख'मध्ये ठेवू, आणि दर वर्षारंभी हेच प्रमाण पुन्हा जुळवून घेऊ. पहिल्या वर्षी १८ चे साठ टक्के १०.८ आणि ३४ चे चाळीस टक्के १३.६, मिळून २४.४. याच रीतीने पुढच्या तीन वर्षांचे आकडे १२.४, ८.४ आणि -३.६ येतात. चारांची सरासरी १०.४. सरासरीपासूनचे फरक १४, २, -२ आणि -१४. त्यांच्या वर्गांची बेरीज ४००, तिला चाराने भागून १००, आणि वर्गमूळ १०.

या दोन आकड्यांवर थोडे थांबू. एकट्या 'क'ची जोखीम १० होती आणि परतावा ८. त्यात दुप्पट जोखमीचा 'ख' चाळीस टक्के मिसळल्यावर जोखीम १०च राहिली आणि परतावा मात्र १०.४ झाला. धोक्याची वस्तू मिसळली आणि धोका वाढला नाही! पहिल्यांदा हा हिशोब करणाऱ्याला आपले कुठेतरी चुकले असे वाटते. विद्यार्थ्यांकडून हा हिशोब फळ्यावर करवून घ्यावा. सूत्र देण्याआधी त्यांना हा चमत्कार दिसलेला असला म्हणजे सूत्र कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता एक गंमत करू. 'ख'चे चारही आकडे तेच ठेवू, फक्त त्यांचा क्रम बदलू. समजा 'ख'ने ३४, -६, ३४, -६ असा परतावा दिला असता. त्याची सरासरी तीच १४ आणि प्रमाण विचलनही तेच २०. पण आता 'क' वर जातो तेव्हा 'ख'ही वर जातो. साठ-चाळीसच्या संचाचे आकडे होतात २४.४, -३.६, २४.४, -३.६ आणि जोखीम होते १४. उलट 'ख'ने -६, ३४, -६, ३४ दिले असते तर 'क' पडतो तेव्हा 'ख' सावरतो. संच देतो ८.४, १२.४, ८.४, १२.४ आणि जोखीम उरते अवघी २. सरासरी परतावा तिन्ही वेळा १०.४च.

एकेक शेअर सुटा पाहिला तर तिन्ही परिस्थितींत काडीचाही फरक नाही. फरक आहे तो त्यांच्या जोडीत. सहप्रचरण हे याच जोडीचे माप आहे. दर वर्षी 'क'चा सरासरीपासूनचा फरक आणि 'ख'चा फरक यांचा गुणाकार करायचा आणि त्या गुणाकारांची सरासरी घ्यायची. आपल्या तीन परिस्थितींत ती अनुक्रमे ०, २०० आणि -२०० येते. संचाचे प्रचरण मग असे मिळते: 'क'च्या वाट्याचा वर्ग गुणिले 'क'चे प्रचरण, म्हणजे ०.३६ × १०० = ३६; 'ख'च्या वाट्याचा वर्ग गुणिले 'ख'चे प्रचरण, म्हणजे ०.१६ × ४०० = ६४; आणि दोन्ही वाट्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले सहप्रचरण, म्हणजे ०.४८ पट सहप्रचरण. पहिली दोन पदे मिळून १००. तिसरे पद ०, ९६ किंवा -९६. वर्गमुळे १०, १४ आणि २. उस्पेन्स्कींच्या पुस्तकातले सूत्र ते हेच.

विल्यम्स यांना जोखमीचे भान नव्हते असे मात्र समजू नये. पुष्कळ शेअर घेतले की मोठ्या संख्यांच्या नियमाने चढउतार एकमेकांना खाऊन टाकतील, असे त्यांचे म्हणणे होते. नाणे हजार वेळा उडवले की छाप निम्म्याच्या जवळपास येते, तसे. मार्कोविट्झने या म्हणण्याला हरकत घेतली, आणि ती आमच्या मते त्याच्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. नाण्याच्या फेकी एकमेकींपासून स्वतंत्र असतात, शेअर तसे नसतात. मंदी आली की बहुतेक कारखान्यांचा नफा एकदमच घटतो. आकड्यांत पाहू. प्रत्येकी २० जोखमीचे शंभर शेअर समान वाट्याने घेतले आणि ते पूर्ण स्वतंत्र असले, तर संचाची जोखीम २ वर येते. पण कोणत्याही दोघांतला सहसंबंध ०.२५ इतका माफक जरी असला, तरी जोखीम १०.१ च्या खाली उतरत नाही. हजार शेअर घेतले तरी ती १०च्या थोडी वरच राहील. नुसती संख्या वाढवून भागत नाही. रेल्वे कंपन्यांचेच साठ शेअर घेणाऱ्याने जोखीम वाटली असे होत नाही, हे १९५२च्या लेखात मार्कोविट्झने स्पष्ट म्हटले आहे.

आता त्या वक्ररेषेकडे येऊ. आलेख कागदावर आडव्या अक्षावर जोखीम आणि उभ्या अक्षावर अपेक्षित परतावा घ्या. आपल्या पहिल्या परिस्थितीत, म्हणजे सहप्रचरण शून्य असताना, 'ख'चा वाटा शून्यापासून वाढवत नेऊ आणि प्रत्येक संचासाठी एक बिंदू मांडू. सगळे 'क'मध्ये असताना बिंदू जोखीम १०, परतावा ८ येथे आहे. 'ख' २० टक्के केला की जोखीम ८.९ होते आणि परतावा ९.२. म्हणजे बिंदू वर गेला आणि डावीकडेही सरकला. याहून कमी जोखीम या दोन शेअरांतून मिळतच नाही. 'ख' ४० टक्के असताना १० आणि १०.४, हे वर आलेच आहे. निम्मे-निम्मे असताना ११.२ आणि ११. 'ख' ८० टक्के असताना १६.१ आणि १२.८. शेवटी सगळे 'ख'मध्ये घातले की २० आणि १४. हे बिंदू जोडले म्हणजे डावीकडे फुगलेली एक कमान दिसते.

या कमानीचा खालचा तुकडा, म्हणजे एकट्या 'क'पासून २० टक्के 'ख'पर्यंतचा, कोणाच्याच उपयोगाचा नाही. त्यावरच्या कोणत्याही बिंदूच्या सरळ वर, तितक्याच जोखमीचा आणि अधिक परताव्याचा दुसरा बिंदू कमानीवरच सापडतो. उरलेल्या वरच्या तुकड्याला म्हणतात कार्यक्षम सीमा. तिच्यावरच्या बिंदूला असलेल्या जोखमीत त्याहून जास्त परतावा मिळू शकत नाही, आणि असलेल्या परताव्यात त्याहून कमी जोखीम मिळू शकत नाही. एकट्या 'क'सारखा सावध शेअरसुद्धा या सीमेवर नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी.

तीन किंवा अधिक शेअर आले की शक्य संचांचे बिंदू एका रेषेवर न राहता एक क्षेत्र व्यापतात. त्या क्षेत्राची वरची डावी कड म्हणजे सीमा. 'कार्यक्षम' हा शब्द मार्कोविट्झने त्यालिंग कूपमन्स यांच्या वर्गात ऐकला होता. कारखान्यात एका वस्तूचे उत्पादन घटवल्याशिवाय दुसरीचे वाढवता येत नाही अशा मांडणीला कूपमन्स कार्यक्षम म्हणत. तोच विचार त्याने परतावा आणि जोखीम या जोडीला लावला. सीमेवरचा कोणता बिंदू घ्यायचा, हे मात्र सीमा सांगत नाही. वृद्धाने एक घ्यावा, तरुणाने दुसरा, ते ज्याच्या त्याच्या धीरावर आहे. गणिताने फक्त वाया जाणारे संच बाजूला काढायचे.

हा विचार १९५२च्या मार्च महिन्यात 'जर्नल ऑफ फायनान्स' या नियतकालिकात जेमतेम पंधरा पानांच्या लेखातून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडच्या ए. डी. रॉय यांचा अगदी याच धाटणीचा लेख 'इकॉनोमेट्रिका'त आला. दोघांना एकमेकांची काहीच कल्पना नव्हती. पुढे मार्कोविट्झने लिहिले की या सिद्धान्ताचे जनक मला म्हणतात, पण रॉय यांचा वाटा माझ्याइतकाच आहे. इतकेच नव्हे, इटलीच्या ब्रूनो द फिनेत्ती यांनी १९४० सालीच विमा कंपन्यांच्या प्रश्नासाठी अशीच मांडणी केली होती. ती इटालियनमध्ये राहिल्याने इंग्रजी वाचणाऱ्यांच्या नजरेस उशिरा आली. ती कळल्यावर, २००६ साली, मार्कोविट्झने स्वतःच लेख लिहून द फिनेत्तींना त्यांचे श्रेय दिले.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची कथा शिक्षकांना आवडेल. मार्कोविट्झ तोवर कॅलिफोर्नियातल्या रँड या संशोधनसंस्थेत नोकरीला लागला होता. परीक्षेसाठी शिकागोला परत जाताना, विषय तर मला पक्का ठाऊक आहे, आता डॉक्टर फ्रीडमनसुद्धा मला अडवू शकणार नाहीत, असे तो मनाशी म्हणत होता. पाचच मिनिटांत मिल्टन फ्रीडमन यांनी हरकत घेतली. गणितात चूक नाही, पण हे अर्थशास्त्र नव्हे. मग अर्थशास्त्राची पदवी द्यायची कशी? हे गणितही नाही, व्यापारशास्त्रही नाही, असे ते म्हणत राहिले. बराच वेळ हेच चालले. नंतर विद्यार्थ्याला बाहेर बसवण्यात आले. थोड्या वेळाने मार्शाक बाहेर आले आणि डॉक्टर मार्कोविट्झ म्हणून त्यांनी त्याचे अभिनंदन केले. आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटी मार्कोविट्झने ही हकिकत सांगितली आणि फ्रीडमन यांचे म्हणणे त्या वेळी खरेच होते, असा निर्वाळा दिला.

सिद्धान्त झाला, पण सीमा काढायची कशी? दोन शेअरांचे काम आपण कागदावर केले. शंभर शेअर असतील तर शंभर सरासरी, शंभर प्रचरणे आणि प्रत्येक जोडीचे एक याप्रमाणे ४,९५० सहप्रचरणे लागतात. शिवाय कोणत्याही शेअरचा वाटा ऋण असू नये ही अट असते, आणि खरी अडचण तीच आहे. ही अट नसती तर काही समीकरणे सोडवून काम भागले असते. अट असल्यामुळे कोणते शेअर संचात आहेत आणि कोणते शून्यावर आहेत, हे आधी कळावे लागते. शंभर शेअरांतून आत-बाहेरची निवड करण्याचे प्रकार मोजू गेलो तर एकतीस अंकी संख्या येते.

रँडमध्ये जॉर्ज डँटझिग हे रेषीय नियोजनाचे जाणकार मार्कोविट्झचे सहकारी होते. त्यांच्या सहवासात त्याला मार्ग सापडला, आणि तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली युक्ती अशी. सीमेच्या सर्वांत वरच्या टोकापासून सुरुवात करायची. तेथे सगळा पैसा सर्वाधिक अपेक्षेच्या एका शेअरमध्ये असतो, म्हणून ते टोक न शोधताच मिळते. मग जोखीम कमी करत खाली यायचे. कोणते शेअर संचात आहेत हे बदलत नाही तोपर्यंत सगळ्यांचे वाटे सरळ रेषेत बदलतात. एक वेळ अशी येते की एखाद्या शेअरचा वाटा शून्य होतो किंवा बाहेरचा एखादा शेअर आत येऊ पाहतो. तेथे एक कोपरा आला असे समजायचे, निवड एकाने बदलायची आणि पुढची सरळ रेषा धरायची. अशा रीतीने फक्त कोपरे शोधले की मधले सगळे संच दोन कोपऱ्यांची मिसळ करून मिळतात. एकतीस अंकी संख्येच्या वाटेला जावेच लागत नाही. गणित म्हणून पाहिले तर १९५२च्या लेखापेक्षा आम्हाला हा भाग अधिक देखणा वाटतो, पण तो फारसा सांगितला जात नाही.

तरी त्या काळच्या यंत्रांना हे जड जाई. विल्यम शार्प या तरुणाने मार्कोविट्झशी बोलून १९६३ साली एक सोपी वाट सुचवली. प्रत्येक शेअरचा संबंध दुसऱ्या प्रत्येक शेअरशी जोडण्याऐवजी तो बाजाराच्या एकाच निर्देशांकाशी जोडायचा. मग शंभर शेअरांसाठी पाच हजारांहून जास्त आकड्यांऐवजी ३०२ आकडे पुरतात. शार्पने दिलेल्या हिशोबानुसार शंभर शेअरांच्या ज्या प्रश्नाला आयबीएम ७०९० या संगणकावर ३३ मिनिटे लागत, तो या रीतीने ३० सेकंदांत सुटला. नोबेलमध्ये शार्पही मार्कोविट्झचा एक सहभागी होता.

आज हे काम घरातला संगणक क्षणात करतो. म्हणून आता अडचण दुसरीकडे सरकली आहे. सूत्रात घालायचे आकडे आणायचे कोठून? आपल्या उदाहरणात 'ख'ची अपेक्षा १४ आहे हे आम्हीच ठरवले होते. प्रत्यक्षात ती मागच्या वर्षांच्या सरासरीवरून अंदाजायची. पण ज्याचे प्रमाण विचलन २० आहे, त्याच्या २५ वर्षांच्या सरासरीतली प्रमाण चूक २० भागिले २५चे वर्गमूळ, म्हणजे ४ टक्के असते. १४ हा आकडा मिळाला तर खरी अपेक्षा १० किंवा १८ असणे मुळीच नवलाचे नाही. 'क'च्या सरासरीत अशीच २ टक्क्यांची चूक असते. दोघांत ६ टक्क्यांचा फरक दिसतो, पण त्या फरकातली प्रमाण चूकच साडेचार टक्क्यांच्या घरात आहे. पाव शतकाच्या नोंदी हाताशी असूनही 'ख' खरोखर 'क'पेक्षा सरस आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

आणि गणित या अनिश्चिततेची दखल घेत नाही. शंभर शेअरांपैकी ज्यांची सरासरी योगायोगाने फुगली आहे, नेमके तेच त्याला सर्वांत आकर्षक वाटतात आणि ते त्यांच्यावर भरमसाट पैसे लावते. रिचर्ड मिशो यांनी १९८९ साली या रीतीला चुका जास्तीत जास्त वाढवणारे यंत्र अशा अर्थाचे नाव दिले. असे झाले आहे का, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. एखाद्या शेअरची अपेक्षा अर्ध्या टक्क्याने बदलून पाहावी. संचातले वाटे थोडेसे हलले तर ठीक. पण चाळीस टक्क्यांचा शेअर एकदम नाहीसा होऊन त्याच्यासारखाच दुसरा आत आला, तर सीमा वाळूवर काढली आहे असे समजावे. व्यवहारात म्हणून कोणत्याही एका शेअरला अमुक टक्क्यांहून अधिक वाटा नको, अशी मर्यादा घालतात. शुद्ध गणिताच्या दृष्टीने ही ढवळाढवळ आहे, पण तिने नुकसान टळते.

दुसरी अडचण सहप्रचरणाची. ते कायमचे नसते. आपला साठ-चाळीसचा संच दोन्ही शेअर एकमेकांपासून अलिप्त आहेत या भरवशावर १० जोखमीचा होता. त्यांच्यातला सहसंबंध ०.५ झाला तर सहप्रचरण १०० होते आणि जोखीम १२.२ वर जाते. मग तर एकट्या 'क'पेक्षा कमी जोखमीचा कोणताही संच उरत नाही. आपल्या कमानीचा डावीकडचा सगळा फुगवटा नाहीसा होतो. हे बदल नेमके वाईट दिवसांत होतात. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यू यॉर्कच्या बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला, आणि त्याच सुमारास निरनिराळ्या देशांचे बाजारही एकत्र पडले. २००८ साली पुन्हा तेच दिसले. शांत दिवसांच्या नोंदींवरून मोजलेले सहप्रचरण अशा वेळी उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट प्रचरणाविषयीच. आपल्या संचाने पहिल्या वर्षी सरासरीहून १४ टक्के जास्त दिले आणि चौथ्या वर्षी १४ टक्के कमी. वर्ग केल्यावर दोन्ही १९६, म्हणजे सूत्राच्या लेखी घबाड आणि घाटा सारखेच वाईट! हे मार्कोविट्झला ठाऊक होते. १९५९च्या आपल्या पुस्तकात त्याने फक्त खालच्या बाजूचे फरक धरणाऱ्या अर्ध-प्रचरणाला एक पूर्ण प्रकरण दिले आणि काही बाबतींत ते सरस आहे असे म्हटले. पण ते मोजायला अवघड आणि प्रचरण ओळखीचे, म्हणून प्रचरणच रूढ झाले.

मार्कोविट्झ २०२३ साली वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारला. रँडमध्ये लागल्यावर त्याला आपल्या निवृत्तिवेतनाचे पैसे शेअर आणि रोखे यांत कसे वाटायचे हे ठरवायचे होते. सीमा कशी काढायची हे त्या वेळी जगात ज्या दोन-तीन माणसांना माहीत होते, त्यांतला तो एक. पुढे त्याने प्रांजळपणे सांगितले की मागची सहप्रचरणे मोजून सीमा काढायला हवी होती, पण तसे काही मी केले नाही. शेअर खूप चढले आणि आपण त्यांत नसलो तर किती हळहळ वाटेल, आणि ते खूप पडले आणि आपण पुरते त्यांत असलो तर किती वाटेल, एवढेच त्याने डोळ्यांपुढे आणले. आणि पैसे निम्मे-निम्मे वाटून टाकले.